मंगळवार सोडून कधीही

परळच्या एका कॉलेजात सहायक प्राध्यापक नेमायचा आहे. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार निवड समितीच्या गणपूर्तीला पाच जण लागतात, त्यांत दोन बाहेरचे विषयतज्ज्ञ. हेडक्लार्क सगळ्यांना एकच ईमेल धाडतात : ‘आपणांस कधी जमेल?’

इथेच घोडं पेंड खातं.

दादरचे तज्ज्ञ लिहितात, ‘मंगळवार सोडून कधीही.’ गिरगावच्या मॅडमना फक्त मंगळवार मोकळा. अध्यक्ष ‘नोटेड’ एवढंच कळवतात, तेही सर्वांना. अखेर एक गुरुवार जुळतो, तर तो निघतो अनंत चतुर्दशीचा. लालबागमधून गाडी काढणार कोण?

खरं तर आधी त्या दोन तज्ज्ञांनाच तीन तारखा सुचवायच्या, उत्तराला मुदत घालायची आणि जुळलेली तारीख बाकीच्यांना कळवायची. पण मग अध्यक्षांना शेवटी विचारल्यासारखं होतं ना!