भाव लंडनचा, भूक आपली

सोनं चढलं की आपल्या वाहिन्यांना एकच वाक्य सुचतं: ‘मागणी वाढल्याने सोन्याला झळाळी.’ कोणाची मागणी, हे विचारायचं नसतं. सोन्याचा डॉलरमधला भाव लंडनला दिवसातून दोनदा ठरतो, सकाळी साडेदहाला आणि दुपारी तीनला. अमेरिकेतले व्याजदर, मध्यवर्ती बँकांची खरेदी, कुठल्या तरी युद्धाची धास्ती, असं सगळं त्यात मिसळलेलं असतं. सांगलीच्या लग्नघराला त्यात कोणी विचारत नाही. आपल्या मागणीचा अंदाज घ्यायचा, तर झवेरी बाजारातला प्रीमियम बघावा.

जुलै २०२४ च्या अखेरचे आकडे थोडे गोल करून घेऊ. लंडनचा भाव औंसाला २,४०० डॉलर, डॉलर ८४ रुपयांना. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, त्यामुळे दहा ग्रॅमचे झाले ६४,८०० रुपये. त्यावर ६ टक्के आयात शुल्क आणि मग ३ टक्के जीएसटी. रीतसर मार्गाने मुंबईत उतरलेलं सोनं दहा ग्रॅमला साधारण ७०,७५० रुपयांना पडलं. ठोक बाजारात ते ७१,००० ला उचललं जात असेल, तर तो प्रीमियम, औंसामागे नऊएक डॉलर. ७०,५०० ला द्यावं लागत असेल, तर तेवढाच डिस्काउंट.

पडलेल्या किमतीपेक्षा कमीत विकणारा माणूस काही दानशूर नसतो. माल आधीच आणलेला असतो, त्यावर व्याज चढत असतं आणि सराफ फोन उचलत नसतो. पितृपक्षात हे व्हायचंच. भाव एकदम भडकला तरीही होतं: गिऱ्हाईक नवं घेण्याऐवजी आजीच्या पाटल्या मोडीत घालतं, सराफाला घरबसल्या सोनं मिळतं आणि आयातीचं बिस्किट तिजोरीत पडून राहतं. म्हणजे वाहिनीवर झळाळी चालू असते, तेव्हा झवेरी बाजारात बऱ्याचदा डिस्काउंट असतो.

इथवर मापक सरळ आहे. सरकारचा हात लागला की तो हलतो. २०१३ मध्ये चालू खात्यातली तूट डोक्यावरून गेली आणि खापर सोन्यावर फुटलं. शुल्क जानेवारीत ६ टक्के झालं, ऑगस्टपर्यंत १० टक्के. त्यातच ८०:२० चा नियम आला: आणलेल्या सोन्यातलं वीस टक्के निर्यातीसाठी द्या, त्याशिवाय पुढचा माल नाही. आयात आटली. डिसेंबरात प्रीमियम औंसामागे १६० डॉलरवर गेला, म्हणजे तेव्हाच्या रुपयाने दहा ग्रॅममागे तीन हजारांच्या वर, तोही शुल्क भरून झाल्यावर. आता याला ‘भारतीयांची सोन्याची विक्रमी भूक’ म्हणणार का? भूक नेहमीचीच होती, ताटच सरकारने काढून घेतलं होतं. नोव्हेंबर २०१४ अखेर नियम गेला.

उलट बाजूची फसवणूक जास्त बेरकी आहे. जुलै २०२२ मध्ये शुल्क १५ टक्के झालं. वरच्याच भावाने हिशेब केला, तर शुल्क आणि जीएसटी चुकवणाऱ्याला किलोमागे सुमारे बारा लाख रुपये सुटतात. त्यातले दोन-चार लाख त्याने गिऱ्हाइकाला सोडले तरी त्याची चैन. रीतसर बिलाने विकणाऱ्याला मग भाव पाडूनच बसावं लागतं. कागदावर दिसतो डिस्काउंट, विद्वान लिहितात ‘मागणी मंदावली’. मागणी असते, फक्त ती मागच्या दाराने भागवली जात असते. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क ६ टक्क्यांवर आलं, किलोमागची ती कमाई जवळपास निम्मी झाली आणि त्याच आठवड्यात बाजार प्रीमियमवर आला. आठवड्याभरात काही देशभर लग्नं निघाली नव्हती. काही गिऱ्हाइकं स्वस्ताई बघून आली हे खरं, पण आकड्यात चोरवाटेचा हिस्साही होता.

शांघायचा प्रीमियमही असाच जपून वाचावा लागतो, कारण तिथे आयातीचा परवाना चीनची मध्यवर्ती बँक देते. तिने हात आखडला की आकडा फुगतो.

तेव्हा प्रीमियमचा आकडा एकटा वाचू नका. शेजारी त्या महिन्याची आयात ठेवा. प्रीमियम चढला आणि आयातही वाढली, तर मागणी खरी. प्रीमियम चढला आणि आयात आटली, तर दिल्लीचं राजपत्र उघडा. आणि डिस्काउंट वाचून लगेच पेढीवर धावू नका. तो ठोक बाजारातला असतो, तुमच्या बिलात मजुरीच्या खाली सहसा सापडत नाही.