फुकटच्या मंगळवारबद्दल एक नम्र पत्र

मा. जाहिरात व्यवस्थापक साहेब यांस,
(एका मोठ्या वृत्तपत्राची चंदीगड आवृत्ती)



आपले दरपत्रक मिळाले. ल कॉर्बुझिए यांनी या शहराचे रस्ते सात प्रकारांत बसवले. आपल्याला जाहिरातीच्या जागांसाठी सात प्रकार पुरलेले दिसत नाहीत. पहिले पान, तिसरे पान, शेवटचे पान, उजवे पान, मथळ्याच्या कानाजवळची चौकोनी जागा, तळाची पट्टी, सगळ्यांना वेगवेगळा दर आहे. मी रात्री जेवणानंतर ते वाचायला घेतले, तर बायकोने विचारले, "कुणाची पत्रिका जुळवताय?"

आमची गरज साधी आहे. यंदा चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला. आमच्या मराठी मंडळाचा खाद्यमेळा शनिवार-रविवार, १९ आणि २० तारखेला. चंदीगड, पंचकुला, मोहाली या तीन गावांतल्या लोकांना हे कळावे, एवढेच. पुण्यात असतो तर आपल्याला त्रास दिलाच नसता. चौकात फ्लेक्स लावला असता, त्यावर अध्यक्षांचा गॉगल घातलेला फोटो, खाली पंचवीस शुभेच्छुक. पण या शहरात १९५४ पासून जाहिरात नियंत्रण आदेश आहे. होर्डिंगांनी शहर विद्रूप होऊ नये, ही त्यामागची दृष्टी. त्यामुळे इथले आकाश स्वच्छ आहे, आणि मंडळाच्या प्रसिद्धीप्रमुखाला आपल्या दारी यावे लागते. हे आपल्याला माहीत आहे, हे आपले दर पाहून मला कळले.

आपले प्रतिनिधी स्वतः घरी आले. गोड माणूस. चहा घेतला, चकली घेतली, "सर जी, आप के लिए स्पेशल" म्हणत एक कागद पुढे केला. त्या कागदाबद्दलच लिहितो आहे.

छापील दर ८०० रुपये चौरस सेंटिमीटरला. जाहिरात तीन कॉलम रुंद आणि आठ सेंटिमीटर उंच. आपला कॉलम चार सेंटिमीटरचा, म्हणजे १२ गुणिले ८, एकूण ९६ चौरस सेंटिमीटर. छापील दराने एका वेळचे ७६,८०० रुपये. हा आकडा ऐकून मी खुर्चीत जरा मागे सरकलो, तेवढ्यात प्रतिनिधी म्हणाले की छापील दराने कुणीच पैसे देत नाही. मला हायसे वाटले. मग तो छापता कशाला, हे विचारायचे राहून गेले. आता लक्षात येते की तो छापला नाही तर सवलत कशातून देणार? साडीच्या दुकानात आधी किमतीचे लेबल चिकटवतात आणि मग त्यावर लाल रेघ मारतात, तसे हे आहे.

तर सवलत ५५ टक्के. दर उतरला ३६० वर. एका जाहिरातीचे ३४,५६०, दोन जाहिरातींचे ६९,१२०, त्यावर ५ टक्के जीएसटी धरून ७२,५७६. आणि दोनांवर तिसरी फुकट! "म्हणजे हिशेबाने सत्तर टक्के सूट झाली सर जी, २४० चा दर पडला." मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिले. ६९,१२० भागिले तीन, भागिले ९६. बरोबर २४०. गणित चोख आहे, याबद्दल आपले अभिनंदन.

फक्त तारखा पाहा. पहिली जाहिरात गुरुवारी १७ ला, दुसरी रविवारी २० ला, आणि फुकटची मंगळवारी, २२ ला. मंगळवारी आमचे स्टॉल उठलेले असतील, सतरंज्या घड्या करून ठेवलेल्या असतील आणि कुणाचे पातेले कुणाकडे गेले यावरून महिला शाखेत बोलणी चालू असतील. त्या दिवशी लोकांनी खाद्यमेळ्याला यावे, असे आवाहन आम्ही करणार! ती जाहिरात सोडून दिली तर आमचा खरा दर पुन्हा ३६० च. फुकटची गोष्ट मंगळवारीच का निघते, हे शोधायला मला फार वेळ लागला नाही. शनिवार-रविवारच्या अंकात जागेला मारामारी असते आणि मंगळवारी आपल्याकडे रिकामी जागा उरते.

आता खपाचे. प्रतिनिधींनी 'बारा लाख वाचक' सांगितले. एक अंक घरातली चार माणसे, शेजारी आणि केशकर्तनालयातली गिऱ्हाइके वाचतात, असे धरून वाचकसंख्या निघते. मी प्रती विचारल्या. मग कळले की बारा लाखांत पंजाब, हरयाणा, हिमाचल सगळे आले. भठिंड्याच्या गृहस्थाने मोदकांसाठी दोनशेहून जास्त किलोमीटर यावे, अशी आमची अपेक्षा नाही. तीन शहरांपुरत्या निघणाऱ्या आपल्या पुरवणीच्या प्रती किती? बऱ्याच खाकरण्यानंतर उत्तर आले, चाळीस हजार. ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्सचे ताजे सहामाही प्रमाणपत्र मागितले, तर "भिजवा देंगे". अजून वाट पाहतो आहे.

चाळीस हजार प्रतींना ३६० रुपये, म्हणजे दर हजार प्रतींमागे एका चौरस सेंटिमीटरला ९ रुपये. तुलनेसाठी म्हणून सरकारकडे पाहिले. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या वृत्तपत्र जाहिरातींचे दर २६ टक्क्यांनी वाढवले. एक लाख प्रतींच्या दैनिकाला कृष्णधवल जाहिरातीसाठी चौरस सेंटिमीटरला ५९ रुपये ६८ पैसे. हजार प्रतींमागे साधारण ६० पैसे झाले. आमचे ९ रुपये त्याच्या पंधरा पट. सरकार वर्षभर ढिगाने जाहिराती देते, आमची रंगीत आहे आणि आम्ही वर्षातून एकदा उगवतो, हे मान्य. सरकारी दर परवडत नाही, ही वृत्तपत्रांची ओरडही जुनी आहे. म्हणून मी ६० पैसे मागत नाही. पण पंधरा पट देताना निदान मंगळवार तरी नको.

पॅकेजमध्ये आणखी एक रत्न आहे, 'एक लाख रुपये किमतीचा' ऑनलाइन बॅनर, पाच लाख दर्शने, 'कॉम्प्लिमेंटरी'. हजार दर्शनांना २०० रुपये अशी त्याची किंमत आपण लावलीत. आपले संकेतस्थळ वाचणारे पुष्कळ लोक कॅनडात आहेत, हे आपणच अभिमानाने सांगता. ब्रॅम्प्टनमधला एखादा पाजी मध्यरात्री आमचा मोदक पाहून हळहळेल, त्याचे दुःख आम्हाला आहे, पण कूपन काढायला तो येणार नाही. बॅनर तीन शहरांपुरताच दिसेल का? एकाच माणसाला दिवसातून किती वेळा दिसेल? आणि 'दर्शन' कशाला म्हणायचे? या धंद्यातला रूढ नियम असा की बॅनरचा निम्मा भाग निदान एक सेकंद पडद्यावर असला तर तो दिसला म्हणायचे. पानाच्या तळाशी, जिथे कुणी पोचतच नाही तिथे उघडलेला बॅनरही आपण मोजता का? यावर प्रतिनिधींनी दुसरी चकली घेतली.

शिवाय छापील जागेवर जीएसटी ५ टक्के आणि ऑनलाइनवर १८. दोन्ही एकाच रकमेत गुंडाळले तर सगळ्याच रकमेवर १८ टक्के बसण्याची भीती, आणि आमच्या मंडळाची जीएसटी नोंदणी नसल्याने तो पैसा परत मिळत नाही. बॅनर द्यायचा तर वेगळ्या बिलावर, नाहीतर राहू द्या.

एजन्सीमार्फत आलात तर बरे, असेही सुचवण्यात आले. एजन्सीचे १५ टक्के आपण देता, आम्ही नाही. मग थेट आलो म्हणून ते १५ टक्के आम्हाला वजा करून द्या म्हटले, तर "पॉलिसी नहीं है". ठीक. पॉलिसीशी आम्ही भांडत नाही, विमा कंपनीत तीस वर्षे काढली आहेत.

आता गेल्या वर्षीचे एक दुखणे. आपल्याकडे नव्हे, दुसऱ्या एका वृत्तपत्रात आमची जाहिरात आली होती. जागा 'उपलब्धतेनुसार', असे ऑर्डरवर बारीक अक्षरात होते. सकाळी अंक उघडला. आमचा सोनेरी मोदक पानाच्या मधोमध, डावीकडे रस्म पगडी, उजवीकडे अंतिम अरदास, खाली कुणाच्या पुण्यतिथीचे हात जोडलेले छायाचित्र. शोकसंदेशांचा दर वेगळा आणि स्वस्त असतो, हे मला तेव्हा कळले. आमच्या अध्यक्षांना दुपारपर्यंत दोन सांत्वनाचे फोन आले. आलेल्या लोकांनीही मोदक पाहून "व्हेज मोमो कितने के?" विचारले, पण तो दोष मी वृत्तपत्राला देत नाही. भरपाईची जाहिरात मागितली, तर छापील दरपत्रकाच्या मागच्या बाजूला सात दिवसांची मुदत होती आणि आम्ही विसर्जन उरकून नवव्या दिवशी गेलो.

म्हणून आमचे म्हणणे असे. २४० चा दर आपण स्वतः तोंडाने उच्चारला आहे. तोच सरळ लावा, फुकट काही नको. आकार दोन कॉलम गुणिले दहा सेंटिमीटर, म्हणजे ८० चौरस सेंटिमीटर. रुंदी कॉलमच्या मापातच ठेवली आहे, कारण अर्धा कॉलम वापरला तरी पैसे पूर्ण कॉलमचे लागतात, एवढे आम्ही शिकलो. शुक्रवार १८ आणि शनिवार १९, शहर पुरवणीत. एकीचे १९,२००, दोन्हींचे ३८,४००, जीएसटी १,९२०, एकूण ४०,३२०. मंडळाने चाळीस हजार मंजूर केले आहेत. वरचे तीनशे वीस मी माझ्या खिशातून देतो, बायकोला सांगू नये.

तिसऱ्या पानाचा हट्ट नाही, त्याचे जादा ५० टक्के आमच्याच्याने होणार नाहीत. कुठेही छापा, फक्त रिलीज ऑर्डरवर एक ओळ हवी: 'शोकसंदेशांच्या पानावर नको.' नको असलेल्या जागेचा दर आपल्या कार्डावर मला सापडला नाही, तेव्हा ती फुकट असावी. तारीख चुकली वा पान चुकले तर भरपाई १९ च्या आतच, नंतरची नको, हेही तिथेच लिहावे. छापून आल्यावर दोन्ही अंकांची एकेक प्रत बिलाबरोबर.

आणि घासाघीसही मी तारीख पाहून करतो. आज २८ ऑगस्ट. सोमवारी ३१ आहे आणि आपल्या प्रतिनिधींचे महिन्याचे टार्गेट अजून भरलेले नाही, असे तेच तिसऱ्या चकलीला म्हणाले. सोमवारी सायंकाळी पाचपर्यंत मी घरी आहे. चेकबुक आहे. चकल्या संपल्या आहेत, पण शेव आहे.

आपला,
कार्यवाह (प्रसिद्धी, सतरंज्या आणि खुर्च्या)

ता. क. आमच्या अध्यक्षांना एक गोष्ट आपल्याला कळवायची आहे. 'केसरी' पुण्यात ४ जानेवारी १८८१ ला निघाला आणि 'ट्रिब्यून' लाहोरात २ फेब्रुवारी १८८१ ला, महिनाभराच्या अंतराने. ट्रिब्यून पुढे चंदीगडला आला, चौकाला त्याचे नाव मिळाले. या ऐतिहासिक नात्याखातर पंजाबातल्या सर्वच वृत्तपत्रांनी मराठी मंडळांना आणखी पाच टक्के सोडावेत, असे त्यांचे मत आहे. मी त्यांना सांगितले की आपले वृत्तपत्र ते नव्हे. ते म्हणाले, विचारून बघ.