सहा जारांचा हिशोब

दर जानेवारीत आमच्या विभागाचं बजेट मी दहा मिनिटांत उरकायचो. गेल्या वर्षीचा तक्ता उघडायचा, प्रत्येक ओळीला दहा टक्के चढवायचे, वरचे सुटे पैसे गोल करायचे आणि खाली सही ठोकायची. सात माणसांचा कार्यालयीन सेवा विभाग आमचा. टपाल, झेरॉक्स, साफसफाई, चहापाणी. यात अक्कल लढवायला जागा ती किती?

यंदा नवे खजिनदार आले आणि तक्ता परत आला. ‘मागील वर्ष’ हा अख्खा रकाना त्यांनी लाल पेनानं खोडला होता. बाजूला दोन शब्द : ‘शून्यापासून मांडा.’

ही कल्पना काही खजिनदारांच्या डोक्यातली नव्हे. डॅलसच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पीटर पिहर नावाच्या गृहस्थानं ती राबवली आणि १९७० साली तिच्यावर लेख लिहिला. तो वाचून जॉर्जियाचे गव्हर्नर जिमी कार्टर यांनी त्याला बोलावून घेतलं आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर तेच खूळ वॉशिंग्टनला नेलं. १९८६ च्या सुमारास आपल्या राज्य सरकारनंही ‘शून्याधारित अर्थसंकल्पा’चा प्रयोग केला. म्हणजे मंत्रालयातून निघालेली पीडा आमच्या झेरॉक्स मशीनपर्यंत पोचायला साधारण चाळीस वर्षं लागली.

नियम सोपा होता. खर्च काल होता म्हणून आज चालणार नाही. तो कशासाठी, किती नग, काय दरानं आणि नाही केला तर कुणाचं काय अडेल, हे लिहायचं. मग तेच काम दुसऱ्या कोणत्या मार्गानं होईल, हेही लिहायचं. मी सर्वांत निरुपद्रवी ओळ उचलली : पिण्याच्या पाण्याचे जार. म्हटलं, पाण्यावर कोण भांडणार?

रोज वीस लिटरचे सहा जार, चाळीस रुपये जार, वर्षाचे तीनशे दिवस. झाले ७२,०००. माझ्या जुन्या पद्धतीनं यंदा मी ७९,२०० मागितले असते आणि ते मिळालेही असते. पण सहाच का? शिपाईकाकांना विचारलं, तर ते म्हणाले, “साहेब, सहाच येतात.” जारवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “तुमच्याकडं सहाच जातात.” दोघांचंही खरं होतं.

मग आठवडाभर मोजलं. कार्यालयात माणसं बावीस. डोई दोन लिटर धरले तर चव्वेचाळीस. आल्यागेल्याचे बारा आणि चहाला एक अख्खा जार. बेरीज शहात्तर लिटर, म्हणजे चार जार. उरलेले दोन जातात कुठे, ते मला गुरुवारी सकाळी दिसलं. जारवाल्याचा पोऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या कूलरवरचा अर्धा भरलेला जार उतरवतो, गॅलरीतल्या बदामाच्या झाडाला रिकामा करतो आणि भरलेला चढवतो. ‘रिकामे सहा, भरलेले सहा’ अशी पावती. खाली सही माझ्याच विभागाची. आमचं बदामाचं झाड एवढं तरारलेलं का, याचा उलगडाही तेव्हाच झाला.

दुसऱ्या मजल्यावर पूर्वी लेखा विभागाची अठरा माणसं बसायची. चार वर्षांपूर्वी ती नव्या इमारतीत गेली. चाळीस माणसांच्या हिशोबानं सहा जार बरोबर होते. माणसं गेली, आकडा राहिला आणि दरवर्षी मी त्याच्यावर दहा टक्क्यांचा अभिषेक करत आलो.

चार जारांचे होतात ४८,०००. पण अर्जात ‘दुसरा मार्ग’ हा रकानाही भरायचा होता, म्हणून पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा हिशोब मांडला. यंत्र चाळीस हजारांचं, देखभाल आणि फिल्टर मिळून वर्षाला नऊ हजार. पाच वर्षं चाललं तरी वर्षाकाठी सतरा हजार पडतात. वीज धरली तरी जारांच्या निम्म्याखालीच. खजिनदार खूश झाले. मग अकाउंटंट मॅडम शांतपणे म्हणाल्या, “यंत्र म्हणजे भांडवली खर्च. तो इमारत समितीकडे. इमारत समितीचं यंदाचं सगळं गच्चीच्या गळतीत गेलंय.” तर आमचे जार चालूच राहिले. चालू खर्चात वाचवायचं तर भांडवली खर्चात ओतावं लागतं, आणि ही दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत, हे पिहरसाहेबांच्या काळातही असंच असणार.

एका ओळीला आठवडा गेला. अशा त्रेचाळीस ओळी होत्या. लिफ्टच्या देखभालीचा करार आणखी दोन वर्षं बांधलेला, पगार ठरलेले, दोन्ही आमच्या हातात नाहीत. त्यांचं समर्थन नव्यानं लिहिणं म्हणजे सूर्य का उगवावा यावर टिपण. खरोखर हात घालण्याजोग्या ओळी नऊ. त्यांतल्या तीन यंदा, तीन पुढच्या वर्षी, तीन त्यापुढच्या, असं मी सुचवलं. खजिनदारांना सगळ्याच हव्या होत्या. कार्टरना जॉर्जियात असे सुमारे अकरा हजार प्रस्ताव आले होते म्हणतात. एकेकाला मिनिटभर दिलं तरी १८३ तास होतात. गव्हर्नरनं राज्य कधी करायचं?

शेवटी मीही तेच केलं जे सगळे करतात. चौतीस ओळींत आधी एकूण रक्कम लिहिली, मग तिला न्याय देईल असा दर आणि नग शोधला. हे ओळखू येतं. कामातून निघालेला आकडा वेडावाकडा असतो. आमची कुरियरची ओळ ६१,३४० आली. उलटी भरलेली ओळ छान गोल असते, आणि सगळ्यांची बेरीज गेल्या वर्षापेक्षा बरोब्बर आठ टक्के वर जाऊन बसते.

मग आली क्रमवारी. सगळे खर्च महत्त्वानुसार लावायचे. पैसे संपतील तिथे रेघ मारायची, रेघेखालचं गेलं. इथे मी एक पाप केलं. स्वच्छतागृहाचं फिनेल तळाशी ठेवलं आणि अध्यक्षांच्या फोटोच्या तीनशे डायऱ्या, दर १८० रुपये, एकूण ५४,०००, मधोमध कुठेतरी दडवल्या. फिनेल कुणी कापू शकत नाही. रेघ वर सरकली तर पैसे वाढवूनच द्यावे लागतात. खजिनदारांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, “फिनेल पहिल्या क्रमांकावर घ्या. आणि या डायऱ्या नाही छापल्या तर कुणाचं काय अडेल?”

मी अध्यक्षांच्या केबिनकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. डायऱ्या मंजूर झाल्या.

परवा अकाउंटंट मॅडमचा फोन आला. पुढच्या वर्षीचा तक्ता आत्तापासूनच बनवून ठेवताहेत. “पाण्याचे जार, मागील वर्ष ४८,०००,” त्या म्हणाल्या, “दहा टक्के धरून ५२,८०० टाकू ना?”