‘सुमारे’ने सगळं झाकू नका

संग्रहालयातल्या पाट्या मराठीत आणताना सर्वांत जास्त राबवला जाणारा शब्द म्हणजे ‘सुमारे’. तारीख दिसली की त्याला पुढे उभं करायचं आणि मोकळं व्हायचं. पण अनिश्चितता दोन जातींची असते, आणि ‘सुमारे’ त्यातली एकच सांगतो.

दायमाबादची ब्राँझ शिल्पं घ्या: रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. प्रवरेकाठच्या या गावात ती १९७४ मध्ये झाडाची मुळं खणताना सापडली, शास्त्रीय उत्खननात नव्हे. त्यामुळे ती कोणत्या थरातली, हे सापडताक्षणी कुणी नोंदलं नाही. धातूचं वय कार्बन चाचणीने थेट काढता येत नाही. म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी ती उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे आजपासून चार हजार वर्षांच्या आसपासची मानली. डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या एक टक्क्याहून जास्त आर्सेनिककडे बोट दाखवलं आणि त्या काळाबद्दल शंका घेतली.

आता पाटीवर ‘सुमारे इ.स.पू. २०००’ एवढंच लिहिलं, तर सातवीतला मुलगा काय समजेल? काळ ठरलाय, शे-पन्नास वर्षं इकडेतिकडे. प्रत्यक्षात वाद वर्षांचा नाही, अख्ख्या कालखंडाचा आहे. म्हणून पाटी अशी हवी: ‘काही अभ्यासकांच्या मते ही शिल्पं सुमारे ४००० वर्षांपूर्वीची (इ.स.पू. २०००) आहेत. ती उत्खननात सापडली नाहीत आणि त्यांच्या धातूत आर्सेनिक जास्त आहे, म्हणून इतरांना हा काळ मान्य नाही.’ दोनच वाक्यं, पण मुलाला तारीख कळते, वाद कळतो आणि वादाचं कारणही कळतं.

तशीच काळजी ‘बीपी’ची. कार्बन चाचणीच्या अहवालात ‘आजपूर्वी’ मोजताना ‘आज’ म्हणजे १९५० साल धरतात. दिनदर्शिकेशी जुळवलेला ‘३००० बीपी’ हा आकडा म्हणजे इ.स.पू. १०५० च्या आसपासचा काळ. तो कुणी ‘इ.स.पू. ३०००’ असा उतरवला, तर वस्तू जवळजवळ दोन हजार वर्षांनी जुनी होते, आणि मराठी वाक्य मात्र अगदी बिनचूक दिसतं. ही चूक व्याकरण तपासून सापडत नाही. शेजारच्या पाटीवरच्या त्याच संस्कृतीच्या वस्तूंशी ताडून पाहिलं तर सापडते.

शब्दांची वाटणी ठरवून टाका आणि दालनभर तीच पाळा. मोजमापातला फरक असेल तर ‘सुमारे’, पुरावा एका बाजूला झुकत असेल तर ‘बहुधा’, नुसती शक्यता असेल तर ‘कदाचित’, आणि तज्ज्ञांत वाद असेल तर ‘मतभेद आहेत’ असं सरळ लिहून त्याचं कारण द्या. इंग्रजी पाटीत ते कारणच नसेल, तर अनुवादकाने लेखणी खाली ठेवून आधी अभिरक्षकाला विचारावं: ही तारीख कशावरून?