एका गड्याच्या दोन पाळ्या: उद्यमबागेतल्या गरजूंसाठी मार्गदर्शन

उद्यमबागेत दिवसा नोकरी आणि रात्री स्वतःची कामं करायची इच्छा असणाऱ्यांनी आधी एक गोष्ट ठरवावी. आपल्याला पैसे मिळवायचे आहेत, की गुपित सांभाळायचं आहे? पैसे मिळतील. गुपिताची खात्री देता येत नाही. तिसऱ्या रेल्वे गेटपासून मच्छेपर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर उभं राहा. कुणाच्या व्हीएमसीवर कुणाचं कास्टिंग चढलंय आणि त्याचा प्रोग्राम कुणी केलाय, हे पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत कळतं. तरीही ज्यांना प्रयत्न करायचाच आहे त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. उदाहरण प्रोग्रामरचं घेतलंय, कारण तो गडी मीच होतो.

पहिली पायरी: नेमणूकपत्र वाचणे. हे काम लोक नोकरी सुटल्यावर करतात, पण आधी केलेलं बरं. पत्र बहुधा आईने देव्हाऱ्यामागे ठेवलेलं असतं. पहिल्या पानावर पगार असतो, तो पाठ असतोच. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की लेखी परवानगीशिवाय दुसरी कुठलीही नोकरी वा धंदा, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, पगारी वा मानद, करणार नाही. ‘मानद’ शब्दाने घाबरून आमच्या एका मित्राने गणेश मंडळाचं खजिनदारपद सोडलं. मंडळाने सुटकेचा निःश्वास टाकला, हा भाग वेगळा.

त्या पानावर खरं तर तीन वेगवेगळी कलमं असतात, आणि ती एकच समजण्यात घोटाळा होतो. पहिलं म्हणतं, दुसरीकडे काम करू नकोस. दुसरं म्हणतं, कंपनीचं हित आणि तुझं हित समोरासमोर येईल असं काही करू नकोस. म्हणजे तिचे गिऱ्हाईक, पुरवठादार आणि स्पर्धक यांच्याकडून काम घेऊ नकोस. तिसरं म्हणतं, इथली ड्रॉइंग, प्रोग्राम, फिक्स्चरची युक्ती बाहेर नेऊ नकोस. पहिल्याला परवानगीचा उपाय आहे, कारण ‘लेखी परवानगीशिवाय’ हे शब्द त्यातच आहेत. तिसऱ्याला उपाय नाही. आणि दुसरं उद्यमबागेत पाळणं म्हणजे चुलतभावाच्या लग्नाला जाऊन नातेवाईक टाळण्यासारखं आहे. इथे तुमच्या कंपनीचं गिऱ्हाईक, त्याचा पुरवठादार आणि तुमच्या मालकाचा मेव्हणा हा पुष्कळदा एकच इसम असतो.

इथे कोणी तरी हमखास सांगतं, “असली कलमं कोर्टात टिकत नाहीत बा.” हे अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं जास्त महागात पडतं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 धंद्याला आडकाठी करणारा करार रद्दबातल ठरवतं. त्यामुळे नोकरी सोडल्यावर दोन वर्षं या धंद्यात पडू नकोस, असली अट सहसा टिकत नाही. पण नोकरीत असतानाची गोष्ट निराळी. कल्याणजवळच्या रेयॉन कारखान्यातले शिफ्ट सुपरवायझर गोलिकारी पाच वर्षांचा करार अर्ध्यावर सोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि 1967 मध्ये निकाल लागला: कराराच्या मुदतीत दुसऱ्याकडे काम न करण्याची अट ही धंद्याला आडकाठी नव्हे. टपरीवरच्या वकिलाला हा निकाल सांगून पाहा. तो चहा बदलून मागेल.

दुसरी पायरी, युक्तीची, सीमाभागाची खास. पार्टी निपाणीच्या पुढची, कोगनोळीचा नाका ओलांडून कागलच्या पंचतारांकित वसाहतीतली धरायची. नोकरी कर्नाटकात, काम महाराष्ट्रात, मग कलम कसं लागणार? मीही असंच समजलो होतो. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, पण नेमणूकपत्राला सीमाच नसते. ते तुमच्या खिशात बसून नाका ओलांडतं, टोलही भरत नाही.

मात्र एक फरक लक्षात ठेवा. घरी लॅपटॉपवर प्रोग्राम करून पाठवणं हा तुमच्या आणि कंपनीच्या करारातला प्रश्न आहे. रात्री पार्टीच्या मशीनपाशी जाऊन स्वतः सेटिंग करणं यात कायदा शिरतो. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 60 प्रमाणे एका कारखान्यात राबलेल्या कामगाराला त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात काम करू देता येत नसे, आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या श्रमसंहितेनेही ही मनाई सोडलेली नाही. कारण साधं आहे. दमलेला हात मशीनमध्ये जातो. म्हणून पार्टी म्हणाली, “जरा येऊन बघून जावा की”, तर सांगायचं, “फोटो पाठवा.”

आता तिसरी पायरी, ताकदीची. वेळ शिल्लक असतो, ताकद नसते, आणि हे वहीत मांडता येत नाही म्हणून फसगत होते. साडेआठ ते साडेपाच कंपनी. सहाला घरी, आंघोळ, जेवण, बातम्या. नऊ ते एक लॅपटॉप. हिशेबात रोज चार तास दिसतात. प्रत्यक्षात नऊ ते साडेदहा डोकं चालतं, त्यापुढे फक्त बोटं चालतात. बोटांनी केलेलं काम कसं असतं, ते पाहा.

कागलच्या पार्टीचा जॉब होता. एक प्लेट, दहा भोकं, मध्ये एक क्लॅम्प. प्रोग्राम मी कॅममधून साडेदहालाच काढला, बिनचूक होता. पावणेएकला फोन आला, “पाचव्या आणि सहाव्या भोकाच्या मध्ये क्लॅम्प येतोय, तिथं टूल वर उचला.” परत कॅम उघडायचा कंटाळा आला. मी हातानेच दोन भोकांच्या मध्ये ओळ घातली:

```
G80
G00 Z50
X180. Y40.
```

झोपलेल्या वाचकांसाठी: ड्रिलिंग संपव, टूल 50 मिलिमीटर वर घे, मग पुढच्या भोकावर पळ. फक्त `Z50` नंतर टिंब राहिलं. पुष्कळ फॅनुक कंट्रोलवर टिंब नसलेला आकडा सर्वांत लहान एककात, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात वाचला जातो. माझे 50 मिलिमीटर झाले 0.05. टूल जॉबच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीएवढ्याच उंचीवर आलं आणि पूर्ण वेगाने सहाव्या भोकाकडे पळालं. वाटेत क्लॅम्प होता. क्लॅम्प चुकवण्यासाठी घातलेल्या ओळीनेच क्लॅम्प गाठला.

दिवसाच्या कंपनीत हे कधीच झालं नसतं, कारण तिथल्या मशीनवर टिंब नसलं तरी आकडा मिलिमीटरच धरायचं सेटिंग केलेलं होतं. तिथली सवय रात्री बोटांतून उतरली. म्हणजे दोन मालकांच्या सवयीही एकमेकींच्या आड येतात, पण त्याबद्दल नेमणूकपत्रात एक अक्षर नाही. कार्बाइड ड्रिल आणि क्लॅम्प मिळून चार हजार गेले. माझी फी पंधराशे होती.

इथपर्यंत फक्त पैसे गेले. पण पार्टीच्या ऑपरेटरने स्क्रीनचा फोटो काढला आणि सेटर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, “हे कुणाचं काम बे?” फोटोत प्रोग्रामची पहिली ओळ स्वच्छ दिसत होती. तो प्रोग्राम मी कंपनीच्या पोस्ट प्रोसेसरने काढलेला होता, कारण माझा पोस्ट नीट बसलेला नव्हता आणि कंपनीचा पेनड्राइव्हवर होता. तो पोस्ट दर प्रोग्रामच्या डोक्यावर कंसात कंपनीचं नाव छापतो. एका टिंबापायी पहिलं आणि तिसरं कलम एकत्र उघडं पडलं. दुसरंही फार लांब नव्हतं: ती प्लेट शेवटी आमच्याच गिऱ्हाइकाकडे जाणार होती.

यातून निघालेले नियम मी तेव्हापासून पाळतो. रात्री अकरानंतर ओळ लिहायची नाही. फार तर बिल लिहायचं. रात्री केलेला प्रोग्राम सकाळी चहाआधी पुन्हा वाचायचा, आणि वाचताना फक्त टिंबं मोजायची. सगळ्या Z च्या पुढे बोट ठेवायचं. पार्टीला लिहून द्यायचं की पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर, वेग कमी ठेवून चालवा. लॅपटॉप स्वतःचा, सॉफ्टवेअरचा परवाना स्वतःचा, पोस्टही स्वतःचा. ही खर्चाची बाब आहे, पण पेनड्राइव्ह फुकट असतो ही समजूत मला चार हजारांहून महाग पडली आहे. आणि आठवड्यातून दोनच रात्री. तिसऱ्या रात्रीचं काम चौथ्या दिवशी कंपनीत दिसतं: मायक्रोमीटरचं माप दोनदा घ्यावं लागतं, आणि सुपरवायझर विचारतो, “घरी सगळं ठीक हाय न्हवं?”

कराचंही सांगून टाकतो. मोठी पार्टी फीमधून टीडीएस कापते आणि ते तुमच्या पॅनवर दिसतं. मालकाला ते आपोआप दिसत नाही. पण विवरणपत्र भरायला तुम्ही पासवर्ड कंपनीच्याच अकाउंट्समधल्या काकांना देत असाल, तर पुढचं मार्गदर्शन वाचायची गरज नाही.

शेवटी मी तो उपाय केला जो उद्यमबागेत कुणी करत नाही. अर्ज लिहिला. काय करणार: फक्त प्रोग्रामिंग, घरी, सुट्टीत आणि कामाच्या वेळेबाहेर. काय करणार नाही: आपलं गिऱ्हाईक, पुरवठादार, आपल्यासारखा जॉब करणारी कंपनी यांचं काम. दर पार्टीचं नाव आधी कळवीन. कंपनीचं ड्रॉइंग, पोस्ट, पेनड्राइव्ह वापरणार नाही. कंपनीचं काम अडलं तर बाहेरचं आधी थांबवीन. खाली सही आणि तारखेची जागा सोडून, अर्ज हातात घेऊन केबिनमध्ये उभा राहिलो.

मालकांनी चष्मा लावून दोनदा वाचला. ग्रुपवरचा फोटो त्यांनीही पाहिला असणार, पण त्याचा विषय निघाला नाही. “हे बरं केलास,” म्हणाले आणि पेन काढलं. ‘फक्त प्रोग्रामिंग’ या शब्दांखाली रेघ मारली, सही केली, तारीख घातली. मी मागे वळलो तर हाक आली.

“अरे, मेव्हण्याकडं जुना व्हीएमसी घेतलाय. त्याचा पोस्ट बसंना झालाय. रविवारी जरा जाऊन येतोस काय?”

मी अर्जातलं ‘घरी’ दाखवलं. अर्ज अजून त्यांच्या टेबलावरच होता.

“घरीच की,” मालक म्हणाले. “घरचंच काम हाय. पैशाचं काय बोलायचं त्यात?”