तीन रकाने, बारा पावत्या

जानेवारी उजाडला की अकाउंट्सच्या टेबलावर भाडेपावत्यांचा ढीग पडतो. घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी त्यातून उचलायच्या गोष्टी फक्त तीन. घरमालकाचं नाव, भाड्याचा काळ, रक्कम. शाळकरी पोरगंही करेल.

करून बघा.

नाशिकच्या एका नोकरदाराची पावती समजा अशी आहे. ‘५ जुलै. एप्रिल ते जूनचे, मेंटेनन्ससह, रु. ५४,००० मिळाले.’ खाली सही : जोशीकाका.

आधी काळ. घाईतला कारकून तारीख बघतो आणि काळाच्या रकान्यात ‘जुलै’ लिहितो. मग रकमेला बाराने गुणतो. वर्षाचं भाडं झालं ६,४८,०००! पगार ४०,००० आणि राहणं राजवाड्यात?

पावतीची तारीख पैसे कधी दिले ते सांगते. कशाचे दिले, ते ‘एप्रिल ते जून’ सांगतं.

आता रक्कम. महिन्याचे पडतात १८,०००. पण करारात भाडं १५,०००, उरलेले ३,००० मेंटेनन्सचे. सवलत भाड्यावर आहे, जिना झाडण्यावर नाही.

फरक किती पडतो? मूळ पगार वर्षाला ४,८०,०००. भाड्यातून त्याचा दहावा हिस्सा, ४८,०००, वजा करायचा. १,८०,००० भाड्यावर उरतात १,३२,०००. मेंटेनन्स घुसवलं तर १,६८,०००. मिळालेला भत्ता आणि पगाराचे ४० टक्के हे दोन्ही आकडे इथे १,९२,०००. तिन्हींतला सर्वांत लहान तो आपला. म्हणजे १,३२,०००.

एका शब्दाकडे काणाडोळा, छत्तीस हजारांचा घोळ.

राहिलं नाव. भाडं वर्षाला लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. आणि पॅन ‘काका’ या नावाने निघत नाही. पूर्ण नाव करारातून घ्या. व्यक्तीच्या पॅनमधलं पाचवं अक्षर आडनावाचं आद्याक्षर असतं. आडनाव जोशी आणि पाचवं अक्षर K? मग काकांना नाही, पुतण्याला विचारा.

बनावट ओळखायला भिंग लागत नाही. बारा महिन्यांच्या बारा पावत्या, क्रमांक ४१ ते ५२, एकच पेन, एकच शाई. मधल्या तीस दिवसांत पावतीपुस्तकाला हात लागलाच नाही, दर महिन्याला!

एका महाभागाची पावती तर ३१ जूनची होती.

हे सगळं तपासून, तिन्ही रकाने भरून, मी कपाळावरचा घाम पुसला. नोकरदार महाशय तोंडात बडीशेप टाकत म्हणाले, “साहेब, मी नवीन करप्रणाली घेतलीय. चालेल ना?”

चालेल की. तिथे ही सवलतच नाही.