अखंड घोटसप्ताह

हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीत शिरा, मजल्यामागे एक कॉफीपंत ठेवलेले असतात. माझ्या वाट्याला आलेले कॉफीपंत माझ्याच रांगेत, खिडकीपाशी बसतात. पहिली काही वर्षं चेन्नईच्या प्रोजेक्टवर काढल्यामुळे चहा पिणाऱ्यांबद्दल त्यांना अपार करुणा वाटते. आपल्या घरी कॉफी म्हणजे जायफळ घालून पाहुण्यांना किंवा आजाऱ्याला द्यायचा पदार्थ होता, हे ते बालपणी झालेला अन्याय सांगावा तसं सांगतात.

त्यांची खरी ओळख म्हणजे त्यांचा मग. स्टीलचा, झाकणाचा, दुपारपर्यंत कॉफी कोमट ठेवणारा. तो साडेनवाला भरतात, दोन चमचे साखर पडते, आणि मग साडेबारापर्यंत सप्ताह चालतो. मेल उघडली, एक घोट. मेल वाचून राग आला, एक घोट. उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा एक घोट. मीटिंगमध्ये प्रश्न अडचणीचा असेल तर ते मगाचं झाकण उघडून आत बघतात आणि तेवढ्यात दुसराच कुणीतरी उत्तर देऊन मोकळा होतो. जेवणानंतर मग पुन्हा भरला जातो.

"तीन कप पिणारे तुम्ही," ते आम्हाला सुनावतात, "माझे मोजून दोन मग. आणि तेसुद्धा शांतपणे."

गोम त्या शांतपणातच आहे. आमच्या ऑफिसचे चहावाले पाच मिनिटांत कप रिकामा करतात, नेत्यांना शिव्या घालतात आणि जागेवर परततात. त्यांच्या तोंडातल्या लाळेला नंतर दोन तास कुणी त्रास देत नाही. लाळ ही आपल्याकडे दुर्लक्षित बाई. तोंडातलं आम्ल धुऊन काढायचं, उरलेलं निवळायचं आणि दातांतून निघालेलं कॅल्शियम, फॉस्फेट परत जागच्या जागी बसवायचं, हे सगळं तीच करते. तिला फक्त वेळ हवा असतो. अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन नावाच्या संशोधकाने १९४० च्या दशकात लोकांना साखरेच्या पाण्याने चुळा भरायला लावून दातांवरच्या थराचं आम्ल मोजलं. काही मिनिटांतच ते झपाट्याने वाढतं आणि पूर्ववत व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. आम्ल मोजायची पट्टी ५.५ च्या आसपास किंवा खाली गेली की दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, विरघळू लागतं. पट्टी वर चढली की भरपाई सुरू.

आता कॉफीपंतांचा हिशेब मांडा. चहावाल्याचे तीन कप म्हणजे दिवसातून तीन वेळा दातांवर आम्लाचा हल्ला, आणि मधे मोकळा वेळ. कॉफीपंतांचा घोट दर दहा मिनिटांनी. लाळ जेमतेम कामाला लागते न लागते तोच पुन्हा साखर. कॉफी दोन मगच असली तरी दातांच्या लेखी ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत संपतच नाही. त्यातून साखर घालायचीच, तर दातांच्या कडांशी बसलेल्या जंतूंना पंगतीचं बोलावणं दिल्यासारखंच.

खुद्द कॉफी मात्र फारशी गुन्हेगार नाही. काळी कॉफी साधारण ५ च्या जवळपास असते, म्हणजे कोलाच्या मानाने अगदीच सौम्य. दूध पडलं की ती आणखी निवळते, शिवाय दुधात कॅल्शियम असतंच. पंतांनी यातलं काळी कॉफी सौम्य एवढंच कुठूनसं ऐकलं, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू झाला. वजन कमी करायचं म्हणून त्यांनी दूध आणि साखर सोडली. इथपर्यंत ठीक. मग कुणीतरी सांगितलं, काळ्या कॉफीत लिंबू पिळा, चरबी विरघळते. चरबीचं ठाऊक नाही. लिंबाचा रस मात्र पट्टीवर दोन-अडीचच्या घरात असतो. पंत तो मगात पिळून दिवसभर घोटत बसले.

दुसरीकडे दात पिवळे दिसायला लागले. पंतांच्या घरी हा विषय वहिनींनी काढला आणि पंतांनी कडक केसांचा ब्रश आणला. तो बॅगेत. प्रत्येक मग संपला की वॉशरूममध्ये जाऊन खसाखसा घासायचं, मनगट दुखेपर्यंत. आम्ही बेसिनपाशी रांगेत उभे राहून तो प्रकार बघायचो. ठसठशीत पिवळा डाग काढण्याच्या नादात दाताचा वरचाच थर निघतो आहे, हे आम्हाला तरी कुठे माहीत होतं.

शेवटी थंड पाणी झोंबायला लागलं तेव्हा पंत दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. सोबत मी होतो, कारण एकटं जायला ते घाबरत होते आणि तसं सांगायला लाजत होते. बाईंनी तोंड उघडायला लावलं, आरसा आत घातला आणि विचारलं, "उजव्या हाताने ब्रश करता ना?"

पंत चमकले. "कसं कळलं?"

"डाव्या बाजूला सुळ्याशी आणि त्याच्या मागच्या दोन दातांशी, हिरडीला लागून खाचा पडल्यात. उजव्या हाताचा जोर तिकडे बसतो." त्यांनी सळई हलकेच त्या खाचेत टेकवली. पंतांचे दोन्ही पाय खुर्चीवरून वर उचलले गेले.

मग बाईंनी समजावलं. कॉफीचा डाग बाहेरचा, तो सफाईत निघतो. पण आंबट पिऊन लगेच घासलं की मऊ पडलेलं कवच झिजतं, आतला मूळचा पिवळा थर डोकावतो, आणि माणूस अजून पिवळे झाले म्हणून अजून घासतो. हे कवच एकदा झिजलं की पुन्हा वाढत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंत निघून गेलेल्या असतात.

"मग आधी घासू की नंतर?" पंतांनी तो प्रश्न लोकसभेत विचारावा तशा आवाजात विचारला.

"आधी. उठल्या उठल्या, फ्लोराईडच्या पेस्टने, मऊ ब्रशने. रात्रभर साचलेला जंतूंचा थर निघाला की साखर खायला फारसे जंतू उरत नाहीत, आणि फ्लोराईड कवचाला आधार देतं. पेस्ट थुंका, खळखळून चुळा भरू नका. मग अर्ध्या तासाने कॉफी."

"पण पेस्टने चव जाते!"

"त्यातल्या फेसाने जिभेची गोडाची चव मंदावते. म्हणूनच अर्धा तास."

नंतर म्हणाल तर, त्या म्हणाल्या, साध्या दुधाच्या कॉफीनंतर घड्याळ लावून बसायला नको, साध्या पाण्याची चूळ पुरे. थांबण्याने किती फायदा होतो यावर दंतवैद्यांचंही एकमत नाही. मात्र लिंबासारखं आंबट पोटात गेलं असेल तर अर्धा-एक तास ब्रशला हात लावू नये. दुसरी वेळ रात्री झोपण्यापूर्वी, त्यानंतर फक्त पाणी. आणि लिंबू बंद.

पंतांनी ऐकलं, आणि ऐकणारा माणूस जसं करतो तसंच केलं, म्हणजे अर्धंच. लिंबू गेलं. कडक ब्रश वहिनींनी भांड्यांच्या जाळीवर घासायला घेतला. दिवसभराच्या घोटाऐवजी आता कॉफी दोन बैठकीत संपवायची, हा त्यांचा नवा नियम. परवा अकराच्या मीटिंगमध्ये त्यांनी चारशे मिलिलिटर गरम कॉफी सहा मिनिटांत घशाखाली उतरवली, डोळ्यांत पाणी आलं, आणि नेमकं तेव्हाच वरिष्ठांनी डेडलाईनबद्दल विचारलं. झाकण उघडून बघण्याची सोय राहिली नव्हती, कारण मग रिकामा होता.

"शुक्रवारी देतो," पंत म्हणाले.

आता शुक्रवारपर्यंत आमची अख्खी टीम जागी आहे, आणि कॉफी सगळ्यांनाच लागते.